‘ई’वाचून इंग्रजी

गेल्या पावसाळ्यात नववीतली माझी भाची वही घेऊन माझ्याकडे आली. इंग्रजीच्या बाईंनी वर्गाला आव्हान दिले होते : पाच-सहा वाक्यांचा एक परिच्छेद लिहा, पण त्यात ‘ई’ हे अक्षर कुठेही येता कामा नये. ‘‘मामा, यात काय अवघड आहे?’’ असे म्हणून तिने पहिले वाक्य लिहायला घेतले आणि पहिल्याच शब्दाला अडली. तो शब्द होता ‘द’.

जुन्या ग्रंथांतले शब्दखेळ हा माझा वीसेक वर्षांचा नाद. कुठल्या विद्यापीठात नव्हे, ग्रंथालयांतून आणि रद्दीच्या दुकानांतून वाढलेला. त्यामुळे भाचीचा गृहपाठ त्या संध्याकाळी माझाच झाला.

इंग्रजी मजकुरात दर शंभर अक्षरांमागे साधारण बारा-तेरा ‘ई’ असतात; दुसरे कोणतेही अक्षर इतक्या वेळा येत नाही. पण खरी अडचण संख्येची नाही. हे अक्षर भाषेच्या सांध्यांत बसलेले आहे. ‘द’ गेला. ‘ही’, ‘शी’, ‘वी’, ‘दे’ ही सर्वनामे गेली. ‘आर’, ‘वेअर’, ‘हॅव’, ‘बीन’ गेली. आणि सर्वांत मोठा घाव म्हणजे नियमित क्रियापदांचा भूतकाळ, कारण तो शेवटी ‘ई-डी’ लागूनच होतो. उरतात ती जुन्या घडणीची, पोटातला स्वर बदलून भूतकाळ करणारी क्रियापदे : रॅन, सॅट, सॉ, सँग, ब्रॉट. इंग्रजीत नव्याने येणारी क्रियापदे बहुधा ‘ई-डी’चाच रस्ता धरतात. म्हणून ‘ई’ सोडून गोष्ट सांगणाऱ्याला भाषेच्या जुन्या वस्तीतच हिंडावे लागते.

भाचीला हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगायची होती. ‘सर्च्ड’ चालेना, तेव्हा ‘रॅन अबाउट’ आले. ‘रिटर्न्ड’ऐवजी ‘ब्रॉट बॅक’ आले. ‘ईव्हनिंग’ गेली, म्हणून कुत्रा दुपारीच सापडला. ‘वेट’ गेले, तेथे ‘डॅम्प’ बसले. तासाभरात झालेला परिच्छेद नागरीत असा :

इट वॉज रेनिंग हार्ड. अवर डॉग मोती रॅन आउट ॲट डॉन अँड डिड नॉट शो अप अन्टिल नून. आय रॅन अबाउट, कॉलिंग अँड क्राइंग. ॲट लास्ट अ मिल्कमन ब्रॉट हिम बॅक. मोती वॉज डॅम्प अँड कोल्ड, बट हिज टेल वॉज वॅगिंग.

एकेचाळीस शब्द. एवढ्या मजकुरात एरवी एकोणीस-वीस ‘ई’ सहज आले असते. वाचकाने मनात स्पेलिंग करून पाहावे, एकही सापडणार नाही. ‘रेनिंग’ आणि ‘टेल’ यांत कानाला ‘ए’ ऐकू येतो, पण अक्षर नाही. गंमत म्हणजे शेपटीचा ‘टेल’ चालतो आणि गोष्टीचा ‘टेल’ चालत नाही. उच्चार तोच, पण दुसऱ्याच्या शेवटी मुका ‘ई’ बसलेला आहे. म्हणजे हा नियम कानाचा नाही, डोळ्याचा आहे.

दुसऱ्या दिवशी भाचीने पक्क्या वहीत उतरवलेला परिच्छेद मी तपासला. वाचून काहीच खटकले नाही. मग शेवटच्या शब्दापासून उलटे, एकेक अक्षर पाहत गेलो. अर्थ सुटला की डोळा अक्षर पाहू लागतो. मुद्रितशोधनाची ही जुनी रीत आहे. आणि चौथ्या वाक्यात ‘ई’ सापडला. ‘अ मिल्कमन’चे ‘द मिल्कमन’ झाले होते.

मला एकदम आठवला अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट. या अमेरिकन लेखकाने ‘गॅड्सबी’ ही पन्नास हजारांहून अधिक शब्दांची कादंबरी ‘ई’शिवाय लिहिली. लॉस एंजलिसच्या वेट्झेल प्रकाशनाने ती 1939 साली छापली आणि त्याच वर्षी राइट वारला. प्रस्तावनेत (तिच्यात मात्र ‘ई’ भरपूर आहेत) तो सांगतो की, चुकूनही ते अक्षर उमटू नये म्हणून त्याने टाइपरायटरची ‘ई’ची दांडी बांधून टाकली होती. सहा आणि तीस यांमधला एकही आकडा शब्दांत लिहिता येत नाही, ही त्याची तक्रार खरी आहे. सेव्हनपासून ट्वेंटी-नाइनपर्यंत मोजून पाहा. ‘मिस्टर’, ‘मिसेस’ यांची संक्षिप्त रूपेसुद्धा त्याने वर्ज्य केली, कारण ती पुरी वाचली की ‘ई’ येतो. ‘ई-डी’च्या जागी तो ‘डिड’ची मदत घेतो.

इतका कडक माणूस. तरी पहिल्या छापील आवृत्तीत चार चुका आहेत : एकदा ‘ऑफिसर्स’ आणि तीनदा ‘द’. एवढ्यावरून त्याच्या दाव्याला हसणारे असतात. मला ते हसणे अन्यायाचे वाटते. दांडी बांधलेल्या यंत्रातून ‘ई’ निघू शकत नाही. तो शिरला असेल तर नंतर, हाताने केलेल्या दुरुस्तीत किंवा छापखान्यात. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण भाचीच्या वहीने तो माझ्यापुरता पक्का केला. कच्च्या मजकुराशी झटताना ती सावध होती. नक्कल करताना हात सवयीने चालला. आणि सवयीचा हात सर्वांत आधी काय लिहितो? ‘द’. राइटच्या चारांपैकी तीन चुका त्याच शब्दाच्या असाव्यात, याचे मला नवल वाटत नाही.

मी चूक दाखवली तेव्हा भाची म्हणाली, ‘‘पण मामा, तो कुणीतरी दूधवाला नाही ना! तो आपला रोजचाच आहे.’’ तिचे बरोबर होते. ‘द’ म्हणजे ओळखीची खूण. ती काढून घेतली की रोजचा माणूस परका होतो. शेवटी आम्ही ‘अवर मिल्कमन’ केले. ‘ई’ टळला आणि दूधवालाही घरचा राहिला. राइटच्या जॉन गॅड्सबीच्या गावातली माणसे जरा लांबची का वाटतात, याचे एक कारण मला त्या दिवशी कळले.

आपल्याकडे ही परंपरा तोंडाची आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली हकीकत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो, कारण प्रेयसीच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखत असतात. आपल्या मोरोपंतांनी (1729–1794) रचलेल्या अनेक रामायणांत एक निरोष्ठ रामायण आहे. प, फ, ब, भ, म टाळायचे. आमच्या नागरीत लिहिले ते उच्चारले जाते, मुका ‘ई’ लपायला जागा नाही. ओठ मिटला की चोरी ऐकूच येते.

पण भाचीला मी शेवटी विचारले, ‘म’ वर्ज्य असेल तर रामायणात सर्वांत आधी कोणता शब्द जाईल? ती क्षणभर थांबली आणि हसली. राइटचा ‘द’ गेला होता, पंतांचा ‘राम’.