बुटावरील मेणाचे थर : डबीतल्या पॉलिशचा इतिहास आणि उतारा

#थ्रेड

१/ अंधेरी, घाटकोपरच्या फलाटावर लाकडी पेटीवर ब्रश आपटून गिऱ्हाईक बोलावणारा पॉलिशवाला बुटावर जे चढवतो, त्याचा इतिहास माहीत असला की ते उतरवायचे कसे हेही आपोआप कळते.

२/ एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडमधले बूटपॉलिश मेणाचे नव्हते. हाडांचा कोळसा, काकवी, व्हिनेगर आणि थोडे तेल असे ते मिश्रण असे. १८२४ मध्ये बारा वर्षांचा चार्ल्स डिकन्स लंडनच्या अशाच कारखान्यात डब्यांवर लेबले लावत होता. ते पाण्याला टिकत नसे. चिखलात बूट भिजला की रंग सुटे.

३/ १९०६ मध्ये मेलबर्नला ‘किवी’ पॉलिश बाजारात आले. मेण, टर्पेंटाइन आणि रंगद्रव्य एकाच डबीत! टर्पेंटाइन उडून जाते, मेण आणि रंग मागे उरतात. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांनी ते जगभर नेले.

४/ अडचण इथेच सुरू होते. मेण पाण्यात विरघळत नाही, म्हणून ओल्या फडक्याने धूळ निघते, थर नाही. बोरिवलीहून रोज चर्चगेटला जाणाऱ्या काळ्या बुटाची कल्पना करा. गर्दीत टोक घासटते, त्यावर घाईने पॉलिश चढते, पुन्हा तेच. काही महिन्यांनी बोटांपाशी जिथे चामडे दुमडते तिथे मेण तडकते आणि राखाडी रेघा दिसतात. नखाने हलके खरवडल्यावर भुकटी निघाली, तर समजावे की तो थर आहे. चामडे फाटलेले नाही.

५/ उतारा म्हणजे तेच टर्पेंटाइन. नाडी काढा, ब्रशने धूळ झाडा. जिभेच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी तपासा. मग जुन्या सुती बनियनचा तुकडा नुसता ओलसर करून, खिडकी उघडी ठेवून, हलक्या हाताने पुसा. फडके काळे होईल. तुकडा बदलत राहा. चमक जाऊन पृष्ठभाग एकसारखा मंद दिसला की थांबा. त्यापुढे फडक्यावर येतो तो चामड्याचा मूळ रंग. नेलपॉलिश रिमूव्हर मुळीच नको. त्यातले अ‍ॅसिटोन वरचा रंगच सोलते.

६/ टर्पेंटाइन चामड्यातले तेलही ओढते. म्हणून रात्रभर वाळवून लेदर कंडिशनरचा पातळ हात द्या. रंग परत आणायचे काम मेणापेक्षा क्रीम पॉलिशचे, कारण त्यात रंगद्रव्य अधिक असते. घासटलेल्या टोकावर दोन पातळ हात द्या, मध्ये ब्रश मारा. मेण शेवटी, तेही फक्त टोक आणि टाचेवर. दुमडणाऱ्या भागावर नको, नाहीतर पुन्हा त्याच रेघा.

७/ मर्यादा : पाण्याचा थेंब बराच वेळ तसाच राहिला, तर वर मेण असेल किंवा प्लास्टिकचा लेप. मेण पुसूनही तो मुरत नसेल, तर लेपच आहे. त्यावर क्रीम मुरणार नाही आणि लेप निघालेली जागा पॉलिशने झाकली, तरी भरून येणार नाही.