उपकेंद्र (गावाचे)
ग्रामीण आरोग्यसेवेचा सर्वांत खालचा टप्पा. सपाट भागात ५,०००, तर आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक, असा निकष असल्याने एका उपकेंद्राकडे बहुधा अनेक गावे असतात. जवळचे उपकेंद्र आपलेच असेल असे नाही. कोणते गाव कोणत्या उपकेंद्राकडे, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीनुसार ठरते. म्हणून आधी आशाताईंना विचारावे आणि माता-बाल संरक्षण कार्डावरील उपकेंद्राचे नाव ताडून पाहावे. नाव मुख्यालयाच्या गावाचे असले, तरी स्वतःची इमारत नसल्यास काम भाड्याच्या खोलीतही चालते. अनेक ठिकाणी पाटीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असते. लसीकरण मात्र पुष्कळदा गावातल्या अंगणवाडीतच, ठरलेल्या दिवशी होते. तो वार आरोग्यसेविकेकडून आदल्या दिवशी पक्का करावा.