इंजिन ऑइलची गळती : उगमाचा शोध

इंजिनातील ऑइल एखाद्या जोडातून, सीलमधून किंवा सैल बोल्टमधून बाहेर येऊ लागल्यावर त्याची नेमकी वाट शोधण्याची तपासणी. दुरुस्ती बहुतेक वेळा सोपी असते. कठीण असते ते योग्य जागा ठरवणे, आणि तिथे चूक झाली तर चांगला भाग बदलला जातो व गळती तशीच राहते.

अडचणीचे मूळ असे, की थेंब जिथे पडतो तिथे ऑइल गळत असेलच असे नाही. वरच्या जोडातून सुटलेले ऑइल इंजिनाच्या अंगावरून, कास्टिंगच्या कडांवरून आणि वायरींच्या आधाराने खाली उतरते. गाडी चालू असताना समोरून येणारा वारा त्याला मागे ढकलतो. शेवटी ते चेंबरच्या खालच्या कोपऱ्यावर किंवा इंजिन व गिअरबॉक्स यांच्या जोडावर जमून टपकते. म्हणून ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधायची, हा या तपासणीचा मुख्य नियम आहे. त्याखालचे सारे केवळ ओघळ असतात.

आधी गळणारे द्रव इंजिन ऑइलच आहे याची खात्री करावी लागते. गाडीखाली रात्रभर स्वच्छ पुठ्ठा ठेवला की डागाचा रंग दिसतो आणि तो गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला हेही कळते. वापरलेले इंजिन ऑइल तपकिरी ते काळे असते. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल बहुधा लालसर असते, कूलंटला गोडसर वास असतो, आणि एसीचे पाणी पुठ्ठ्यावर सुकून जाते. क्लच हाउसिंगखालच्या थेंबाचा वास घेण्याइतके काम जरी केले तरी कधी कधी इंजिनावरचा संशय तिथेच फिटतो, कारण गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सीलही त्याच जागी गळते.

यानंतरचा प्रश्न म्हणजे गळती होते केव्हा. इंजिनात ऑइल तीन निरनिराळ्या अवस्थांत असते. गाडी उभी असताना बहुतेक ऑइल चेंबरमध्ये साचलेले असते, त्यामुळे रात्रभर एका लयीत थेंब पडत राहिले तर ड्रेन बोल्ट, त्याचा वॉशर किंवा चेंबरला गेलेली चीर आधी तपासावी. इंजिन चालू झाले की पंपाने ढकललेले ऑइल दाबाखाली येते. वेगात हा दाब अनेक इंजिनांत 3 ते 4 बारपर्यंत जातो. ऑइल फिल्टरची रबरी रिंग, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल कूलरचे जोड आणि टर्बोला जाणारी नळी या दाबाच्या जागा. इथली गळती इंजिन चालू असताना जोरात होते आणि बंद केल्यावर लवकर ओसरते. तिसरी अवस्था टॅपेट कव्हर व टायमिंग कव्हरखाली उडणाऱ्या, निथळणाऱ्या ऑइलची. तिथे दाब नसतो, त्यामुळे गळती हळू, पाझरल्यासारखी होते आणि महिनोन्‌महिने धूळ धरत राहते. क्रँकची सीलेही साधारणपणे चेंबरातल्या साठ्याच्या पातळीच्या वर असतात. म्हणून ती मुख्यतः इंजिन फिरत असताना गळतात.

जुन्या गळतीवर बसलेला काळा थर काढल्याशिवाय पुढची तपासणी व्यर्थ आहे. गॅरेजांत इंजिन डिझेलने किंवा रॉकेलने धुण्याची पद्धत आहे, पण या कामासाठी ती गैरसोयीची ठरते. मागे तेलकट पातळ थर उरतो आणि तोच नव्या गळतीसारखा भासतो. डीग्रीझर मारून पाण्याने धुवावे, अल्टरनेटर व कनेक्टर प्लॅस्टिकने झाकावेत, आणि शेवटी जोडांच्या कडा ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने पुसाव्यात. तो उडून जातो आणि पृष्ठभाग कोरडा राहतो. हे द्रव ज्वालाग्राही असल्याने इंजिन पूर्ण थंड असतानाच वापरावे. गाडीखाली जायचे असेल तर सपाट जमिनीवर स्टँड लावूनच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते.

स्वच्छ, कोरड्या जोडांवर साधी टाल्कम पावडर पातळ भुरभुरावी. इंजिन दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालवून पाहावे, नंतर एक फेरी मारून पुन्हा पाहावे. ऑइल जिथून सुटते तिथे पांढऱ्या पावडरीवर गडद रेघ उमटते, आणि ती रेघ वर जाऊन जिथे संपते तिथे उगम असतो. पाझर फारच मंद असेल तर फ्लुओरेसंट रंगद्रव्य उपयोगी पडते. ते बाटलीवर दिलेल्या प्रमाणात इंजिन ऑइलमध्ये मिसळून गाडी दोन-तीन दिवस चालवतात आणि अंधारात अतिनील टॉर्चने पाहतात. जुने ऑइल अंधारेच राहते, नव्याने बाहेर आलेले हिरवट-पिवळे चमकते. ऑइल भरण्याच्या तोंडाशी ते सांडू देऊ नये, नाहीतर तिथला ओघळही चमकेल आणि टॅपेट कव्हरवर खोटा आळ येईल.

सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेली गळती असेल तर शोध ड्रेन बोल्ट आणि फिल्टर यांच्यापासूनच सुरू करावा. ड्रेन बोल्टखालचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर दाबला जाऊन जागा बंद करतो. एकदा दबलेला वॉशर पुन्हा घातला तर तो तितका बसत नाही. मग गळती दिसली की बोल्ट आणखी आवळला जातो, आणि अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे याच सवयीने जातात. अनेक लहान गाड्यांत या बोल्टची आवळणी 30 ते 40 न्यूटन-मीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. लांब पान्याने पूर्ण जोर लावला तर हा आकडा सहज ओलांडला जातो. बोल्ट आवळताना हाताला घट्टपणा न येता तो नुसता फिरतच राहिला, तर आटे गेलेले आहेत. तेव्हा थ्रेड इन्सर्ट बसवणे किंवा चेंबर बदलणे एवढेच उपाय उरतात. टेफ्लॉन टेप किंवा सिलिकॉन लावून तो बोल्ट बसवणे धोक्याचे आहे, कारण तो रस्त्यात निसटला तर काही क्षणांत सगळे ऑइल जाते.

फिल्टरची नेहमीची चूक वेगळी आहे. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहते, लक्षात येत नाही, आणि तिच्यावर नवी रिंग बसते. दोन रिंगांचा हा थर दाब आला की सरकतो व ऑइल धारेने बाहेर पडते. म्हणून फिल्टर काढल्यावर त्याच्यावरची रिंग हाताने चाचपून पाहावी. नव्या रिंगला ऑइलचे बोट लावावे आणि ती टेकल्यावर फिल्टर हाताने साधारण पाऊण फेरी आवळावा.

एका नमुन्यावरून ही रीत स्पष्ट होईल. आडवे बसवलेले चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, गाडी लाखभर किलोमीटर चाललेली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाखाली रोज काही थेंब. अशा खुणेवरून पहिला निष्कर्ष बहुधा मागच्या क्रँक सीलचा निघतो, आणि ते बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. वास घेतला तर गंधक नाही, म्हणजे इंजिन ऑइलच. इंजिन धुऊन, पावडर टाकून जागेवर पंधरा मिनिटे चालवले तर सगळे कोरडे. पंधरा किलोमीटर चालवून आणल्यावर मात्र हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकावर एक बारीक रेघ दिसते. तिथून ती ब्लॉकवरून उतरून थेट क्लच हाउसिंगच्या कडेला पोहोचते. आरसा आणि टॉर्च घेऊन वर पाहिले की रेघ टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात संपते. स्पार्क प्लगच्या खोबणीतही थोडे ऑइल सापडते आणि शंका उरत नाही. कव्हर काढल्यावर त्याचे रबरी पॅकिंग उष्णतेने प्लॅस्टिकसारखे कडक झालेले असते. नखाने दाबले तर दबत नाही.

नवे पॅकिंग घालताना दोन्ही पृष्ठभाग पूर्ण साफ करतात. टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यांवर सिलिकॉन सीलंटचा छोटा ठिपका देतात, कारण तिथल्या सांध्याची किंचित पायरी एकटे रबर भरून काढत नाही. कव्हरचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, पुस्तिकेतील आवळणीने लावतात. अनेक इंजिनांत ती जेमतेम 10 न्यूटन-मीटर असते. जास्त आवळले तर कव्हर वाकते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते.

दुरुस्तीनंतरही चार-पाच दिवस थेंब येऊ शकतात, कारण कडांच्या आत अडकलेले जुने ऑइल निथळत राहते. याच टप्प्यावर पुष्कळ जण पॅकिंग फुकट गेले असे समजून पुढचा भाग उघडतात. त्याऐवजी पुन्हा धुऊन, पावडर टाकून पाहावे. वरचा कोपरा पांढरा राहिला तर काम झालेले आहे. तो पांढरा राहूनही क्लच हाउसिंगच्या आतून, खालच्या निचऱ्याच्या छिद्रातून इंजिन ऑइल येत राहिले, तरच मागच्या क्रँक सीलकडे वळावे.

एकाच वेळी दोन-तीन जागांतून पाझर सुरू झाला असेल, किंवा नवे सील थोड्याच दिवसांत गळू लागले असेल, तर दोष सीलचा नसून क्रँककेसमधल्या दाबाचा असण्याची शक्यता मोठी. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली उतरतोच, आणि तो पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरच्या नळीतून इनटेककडे ओढला जातो. ती वाट काजळीने बुजली की वायू सीलांच्या ओठांतून ऑइल बाहेर ढकलतो. पेट्रोल इंजिन जागेवर चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून तोंडावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा. तो हलकेच आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. फुगून वर उचलला गेला तर आधी व्हॉल्व्ह व नळी साफ करावी किंवा बदलावी. ती साफ करूनही जोराचे फुत्कार कायम राहिले तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत, आणि मग कोणतेही नवे सील फार टिकत नाही. डिझेल इंजिनाच्या झाकणातून थोडा वायू येणे नेहमीचे आहे, त्यामुळे ही चाचणी तिथे इतकी निर्णायक नाही.

प्रत्येक ओलसर जोड उघडण्याजोगा नसतो. पॅकिंगच्या कडेला नुसता दमटपणा असेल, थेंब सुटत नसेल आणि डीपस्टिकवरची पातळी टिकून असेल, तर लक्ष ठेवून गाडी चालवता येते. एक्झॉस्टवर पडणारे ऑइल मात्र थांबवावेच लागते, प्रमाण कितीही कमी असो. जळकट वास आणि बॉनेटखालचा धूर ही त्याची खूण, आणि त्यातून आग लागू शकते. पातळी डीपस्टिकच्या खालच्या खुणेशी आली असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर इंजिन बंद ठेवूनच ऑइल भरावे. तपासणीसाठी ते पुन्हा सुरू करायचे ते पातळी पूर्ववत झाल्यावरच, आणि सुरू केल्यावर दिवा विझला नाही तर लगेच बंद करावे.