टोकियोचे पन्नास, ओसाकाचे साठ आणि व्हिडिओतले पट्टे

या वीकेंडला जरा विजेच्या इतिहासात शिरूया. निमित्त साधं आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये गणपतीचा कार्यक्रम असतो, वर जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट असतात, आणि कुणीतरी मोबाईलवर पोरांचा नाच शूट करतं. घरी येऊन टीव्हीवर लावलं की चित्रावरून काळपट आडवे पट्टे सरकताना दिसतात. 'कॅमेरा खराब आहे' असा निकाल लगेच लागतो. कॅमेरा अगदी व्यवस्थित असतो. भांडण कॅमेऱ्याचं आणि विजेचं असतं, आणि ते सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका खरेदीपर्यंत मागे जातं. ती खरेदी आपल्याकडे नाही, जपानमध्ये झाली.

१८९५ साली टोकियोच्या वीज कंपनीने जर्मनीच्या एईजीकडून जनित्रं घेतली. ती ५० हर्ट्झची होती, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. पुढच्या दोनेक वर्षांत ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घेतली, ती ६० हर्ट्झची. तेव्हा ही दोन शहरं एकमेकांना वायरने जोडायची असतील असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. दिवे लागले, सगळे खूश. पण मग आजूबाजूची गावं आपापल्या जवळच्या शहराच्या पद्धतीने जोडली गेली, आणि देशाचे विजेच्या दृष्टीने दोन तुकडे पडले. आजही पडलेलेच आहेत. पूर्वेला पन्नास, पश्चिमेला साठ, आणि मधली हद्द साधारण फुजी नदीच्या बाजूने जाते. २०११ च्या भूकंपानंतर टोकियोत विजेची बोंब झाली, तेव्हा पश्चिमेकडे वीज शिल्लक असूनही जेमतेम १ गिगावॅटच इकडे आणता येत होती, कारण मधली रूपांतर केंद्रंच तेवढी होती.

आता याचा व्हिडिओशी काय संबंध? सांगतो.

ट्यूबलाइट सतत पेटलेली नसते. एका आवर्तनात प्रवाह एकदा इकडून आणि एकदा तिकडून वाहतो, आणि दोन्ही वेळा ट्यूब उजळते. म्हणजे ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा उजळणं आणि मंदावणं, ६० हर्ट्झवर १२० वेळा. डोळ्याला हे कळत नाही. जुन्या पिवळ्या बल्बला तर हा प्रश्नच नव्हता, कारण तापलेली तार एक शतांश सेकंदात थंड होत नाही. म्हणून बल्बच्या जमान्यात चित्रीकरण करणाऱ्यांना याची फारशी फिकीर करावी लागली नाही. ट्यूबलाइट १९३८ साली अमेरिकेत बाजारात आली आणि तिथून हे दुखणं घरोघरी पोचलं.

प्रत्येक उजळण्याला आपण 'ठोका' म्हणू. शटर उघडं असताना कॅमेऱ्याने किती ठोके गोळा केले, यावर सगळं ठरतं. पूर्ण ठोके गोळा केले, एक, दोन किंवा तीन, तर शटर ठोक्याच्या कुठल्याही टोकाला उघडलं तरी प्रकाश सारखाच मिळतो. नळाखाली तांब्या धरल्यासारखं आहे. पाणी लयीत कमीजास्त येत असेल आणि तुम्ही बरोबर एक किंवा दोन लयी धरलात, तर तांब्या दर वेळी सारखाच भरणार. पावणेदोन लयी धरलात तर कधी जोराची धार जास्त मिळेल, कधी बारीक.

जपानने टीव्ही घेताना अमेरिकेची पद्धत घेतली. एनएचकेचं प्रसारण १ फेब्रुवारी १९५३ ला टोकियोत सुरू झालं ते सेकंदाला ६० फील्ड या हिशोबाने (एक फील्ड म्हणजे अर्ध्या ओळींचं चित्र, दोन मिळून एक फ्रेम). अमेरिकेत हे छान बसत होतं, कारण तिथे वीजही साठची. युरोपातही बसत होतं. बीबीसीने १९३६ साली नियमित सेवा सुरू केली ती ५० फील्डची, आणि तो आकडा मुद्दामच विजेच्या पन्नासाशी जुळवलेला होता. टोकियोत मात्र कॅमेरा साठचा आणि दिवे पन्नासचे!

हिशोब करून बघा. एक फील्ड १/६० सेकंदाचं. सेकंदाला १०० ठोके, म्हणजे एका फील्डमध्ये १०० भागिले ६०, साधारण १.६७ ठोके. पूर्ण नाहीत. पहिल्या फील्डला ठोक्याचा उजळ भाग जास्त मिळणार, दुसऱ्याला मंद भाग, तिसऱ्याला आणखी वेगळं काहीतरी. तीन फील्ड मिळून बरोबर पाच ठोके होतात, म्हणून तीन फील्डनंतर पुन्हा तेच चक्र. सेकंदाला २० वेळा चित्र कमीजास्त उजळत राहणार, आणि हे डोळ्याला चांगलंच खुपतं.

यावर तोडगा निघाला तो इलेक्ट्रॉनिक शटरमधून. साठ फील्डच्या हँडीकॅमच्या शटरच्या यादीत १/६० नंतर १/१०० हा आकडा दिसतो. अमेरिकेत बसून पाहिलं तर तो तिथे का आहे ते कळतच नाही. १/१०० सेकंदात पन्नासच्या दिव्यांचा बरोबर एक ठोका बसतो. मग फील्ड साठ असोत नाहीतर कितीही, प्रत्येकाला एक पूर्ण ठोका. थोडा उजेड कमी मिळतो, पण चित्र स्थिर. आणि तोच कॅमेरा घेऊन ओसाकाला गेलात तर उलटं करावं लागतं. तिथे १२० ठोके, म्हणजे १/१०० मध्ये १.२ ठोके, पुन्हा लुकलुक. तिथे १/६० बरोबर, दोन ठोके. (टोकियो-ओसाका शिंकान्सेन मात्र पूर्ण मार्गावर साठनेच धावते, टोकियोच्या बाजूला वीज बदलून घेऊन. रेल्वेवाले शहाणे!)

आपल्याकडे यातलं काही जाणवलं नाही, कारण आपण सगळंच पन्नासचं घेतलं. वीज पन्नासची, दूरदर्शन सेकंदाला २५ फ्रेमचं. १९७२ साली मुंबई केंद्र सुरू झालं तेही त्याच हिशोबाचं. पंचवीस फ्रेममध्ये प्रत्येकी चार पूर्ण ठोके, जोडी जमलेली. मग कुणाचा तरी काका अमेरिकेहून हँडीकॅम घेऊन आला आणि मुंजीच्या हॉलमध्ये टोकियोचाच प्रकार झाला. आता तो काका लागत नाही. मोबाईल सहसा मुळातच सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेला येतो.

मोबाईलमध्ये एक भर पडली आहे. त्याचा सेन्सर अख्खं चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने टिपतो. त्यामुळे वरच्या ओळीला ठोक्याचा उजळ भाग मिळतो, थोड्या खालच्या ओळीला मंद. म्हणून अख्खं चित्र लुकलुकण्याऐवजी पट्टे दिसतात. सेन्सरला वरून खाली यायला समजा २० मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात दोन ठोके होतात, म्हणजे दोन काळपट पट्टे. पट्टे मोजून सेन्सर किती हळू आहे ते सांगता येतं. फोन उभा धरला की पट्टेही उभे होतात, आणि दोष पडद्याचा नसून टिपतानाचा आहे हे त्यावरून ओळखावं.

आता गणपतीच्या हॉलकडे. ३० फ्रेम, ऑटोवर उजेड चांगला म्हणून फोनने शटर १/१२० घेतलं. १०० ठोक्यांच्या दिव्यात ते ०.८३ ठोका होतं, पट्टे येणारच. मॅन्युअल मोडमध्ये जाऊन शटर १/५० करा. दोन पूर्ण ठोके, पट्टे गेले. फ्रेम ३० च ठेवल्या तरी चालतं, आणि इथेच बरेच जण गोंधळतात. पट्टे असणं-नसणं शटर ठरवतं. फ्रेमचा आकडा फक्त एवढंच ठरवतो की उरलेले पट्टे जागच्या जागी उभे राहणार की सरकणार. २५ वर ते उभे राहतात, ३० वर उड्या मारतात. चित्र फार पांढरं पडलं तर आयएसओ कमी करा. तरी भागलं नाही तर १/१००. त्याच्यापेक्षा वेगवान शटर घेतलं की एक ठोकाही पूर्ण होत नाही. म्हणूनच १२० किंवा २४० फ्रेमचा स्लो मोशन अशा दिव्यांखाली सुटत नाही: १२० फ्रेममध्ये शटर जास्तीत जास्त १/१२० उघडं राहू शकतं. त्यासाठी दिवसाचा उजेड किंवा दुसरे दिवे हवेत.

सिनेमावाल्यांनी हेच गणित अंशांत मांडलं. २४ फ्रेम आणि अर्धवर्तुळाची म्हणजे १८० अंशांची शटरची चकती धरली तर १/४८ सेकंद मिळतो, आपल्याकडे २.०८ ठोके. थोडक्यात हुकतं, पण ठोक्यांची खोली जास्त असेल तर फडफड दिसते. म्हणून कॅमेऱ्यांवर १७२.८ हा विचित्र आकडा आला. तेवढे अंश म्हणजे बरोबर १/५० सेकंद. साठच्या देशात त्याच जागी १४४ अंश वापरतात, तो १/६०.

वेबकॅमवाल्यांनी तर प्रश्नच सरळ विचारला आहे: तुमच्याकडची वीज कुठली? लिनक्सवर लॅपटॉपचा कॅमेरा मीटिंगमध्ये पट्टे दाखवत असेल तर हे चालवून बघा:

```
v4l2-ctl -d /dev/video0 --set-ctrl=power_line_frequency=1
```

इथे 1 म्हणजे पन्नास, 2 म्हणजे साठ. अँड्रॉइडच्या कॅमेरा एपीआयमध्येही `CONTROL_AE_ANTIBANDING_MODE_50HZ` अशी सोय आहे. दोन्हीकडे काम एकच, शटर पूर्ण ठोक्यांवर आणून ठेवायचं.

पण वीज तरी बरोबर पन्नास असते का? जुन्या काळी आपल्याकडे मागणी वाढली की ती ४९ च्या आसपास घसरायची. मग ठोके ९८, आणि २५ फ्रेमवर उभे राहायला हवेत ते पट्टे सेकंदाला दोन घरं सरकणार. १/५० च्या शटरमध्ये मात्र १.९६ ठोके येतात, फरक जवळजवळ दिसत नाही. शटर जुळवणं फ्रेम जुळवण्यापेक्षा का सुरक्षित, ते इथे कळतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण भारत उरलेल्या देशाशी जोडला गेला आणि अख्खा देश एकाच तालावर आला. आता आकडा पन्नासच्या अगदी जवळ राहतो.

राहता राहिले एलईडी. स्वस्त एलईडी बल्बमध्ये आतला कपॅसिटर वाचवलेला असतो, तिथे १०० चेच ठोके, ट्यूबपेक्षाही खोल. त्यांना १/५० लागू पडतं. चांगल्या बल्बला ठोकेच जवळपास नसतात. तिसरा प्रकार डिमरवाला. त्यातले बरेचसे मंद करताना शेकडो-हजारो वेळा उघडझाप करतात आणि त्या वेगाचा आपल्या विजेशी काही संबंध नसतो. १/५० आणि १/१०० दोन्ही लावून पट्टे गेले नाहीत आणि पट्टे बारीक, दाट असतील तर समजावं की दिवा याच जातीचा आहे. तिथे शटरशी झटापट करण्यापेक्षा डिमर पूर्ण वर करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.