नैतिक अलिप्तता : साधी माणसं चुकीचं वागूनही शांत कशी झोपतात?

दहावीच्या परीक्षेचं एक काल्पनिक केंद्र डोळ्यांसमोर आणा. गणिताचा पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला आहे. खिडकीच्या गजातून चिठ्ठ्या आत येताहेत. वर्गावरचे पर्यवेक्षक पाठ फिरवून व्हरांड्याकडे बघत उभे आहेत. शिपाई फाटकाजवळ लक्ष ठेवून आहे, भरारी पथकाची गाडी दिसली की आत निरोप जाणार. केंद्रसंचालकांना सगळं ठाऊक आहे. संध्याकाळी हीच मंडळी घरी जातील, मुलांचा अभ्यास घेतील, भाजीवाल्यानं चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करतील.

यांतलं कुणीही स्वतःला अप्रामाणिक समजत नाही आणि ते ढोंगही करत नाहीत. चोरी वाईट, खोटं बोलणं वाईट, हे त्यांना मनापासून पटलेलं असतं. मग ते पटलेलं त्या दोन तासांपुरतं कुठे जातं? मानसशास्त्रात या प्रश्नाच्या उत्तराला ‘मॉरल डिसएंगेजमेंट’ म्हणतात. मराठीत त्याला नैतिक अलिप्तता म्हणता येईल.

संकल्पना नेमकी काय आहे?

ही संकल्पना मांडली ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा (१९२५–२०२१) यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : माणूस चुकीचं वागत नाही तो केवळ शिक्षेच्या भीतीनं नाही. चुकीचं वागलं की आपल्याच नजरेत आपण उतरतो, आणि तो त्रास टाळण्यासाठी तो स्वतःला आवरतो. पण हा आतला पहारेकरी चोवीस तास जागा नसतो. त्याला काही ठरावीक प्रसंगी झोपवता येतं, आणि तसं करण्याच्या युक्त्याही ठरावीक असतात.

म्हणजे नैतिक अलिप्तता हा सद्सद्विवेकबुद्धीचा अभाव नव्हे. ती असतेच, फक्त एका विशिष्ट कृतीपुरती तिची जोडणी सोडवलेली असते. म्हणूनच दहा रुपये परत करणारा माणूस कॉपीकडे पाठ फिरवू शकतो.

बांडुरांनी अशा आठ युक्त्या सांगितल्या. त्या पाठ करण्यापेक्षा त्या कुठे काम करतात हे पाहणं सोपं आहे. चुकीच्या कृतीचे चार भाग असतात : कृती स्वतः, ती करणारा, तिचा परिणाम आणि ज्याचं नुकसान होतं तो माणूस. या चारपैकी कुठलाही एक दुवा धूसर झाला की टोचणी लागत नाही.

पहिला दुवा : कृतीला चांगलं रूप देणं

“गरिबाची पोरं आहेत, एका विषयासाठी वर्ष वाया जायला नको.” पर्यवेक्षकांच्या मनातलं हे वाक्य खोटं नाही, मुलं खरोखर गरीब आहेत. पण या वाक्यानं कॉपी हे दयेचं काम होऊन जातं. एखाद्या उदात्त हेतूच्या आड चुकीचं काम उभं करणं, ही पहिली युक्ती.

दुसरी युक्ती शब्दांची. केंद्रावर ‘कॉपी’ हा शब्द कुणीच वापरत नाही. तिथे ‘सहकार्य’ असतं, ‘थोडं मार्गदर्शन’ असतं, ‘सेटिंग’ असतं. लाच ‘चहापाणी’ होते, हुंडा ‘मानपान’ होतो, तेही याच रीतीनं. शब्द मऊ झाला की कामही मऊ वाटू लागतं.

तिसरी युक्ती तुलनेची. “शेजारच्या केंद्रावर तर फळ्यावर उत्तरं लिहून देतात, आपण तेवढं करत नाही.” आपल्यापेक्षा मोठा चोर शोधला की आपण आपोआप सज्जन ठरतो.

दुसरा दुवा : जबाबदारी सरकवणं

पर्यवेक्षक म्हणतात, “साहेबांनी सांगितलंय, जास्त कडक राहू नका.” साहेब म्हणतात, “संस्थेला निकाल हवा असतो.” संस्थाचालक म्हणतात, “पालकांचा दबाव असतो.” इथे प्रत्येक जण वरच्याकडे किंवा बाहेरच्याकडे बोट दाखवतो.

दुसऱ्या प्रकारात जबाबदारी वर ढकलली जात नाही, ती वाटली जाते. शिपायानं फक्त निरोप दिला. पर्यवेक्षकांनी फक्त पाठ फिरवली. चिठ्ठी टाकणाऱ्या भावानं फक्त कागद टाकला. कामाचे इतके तुकडे झाले की कुणाच्याही वाट्याला ‘गैरप्रकार’ नावाची पूर्ण गोष्ट येत नाही.

याचं सर्वांत बोलकं प्रात्यक्षिक कॉपीपेक्षा कितीतरी गंभीर गोष्टीत दिसलं. १९६१ मध्ये येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्राम यांनी प्रयोग सुरू केले. त्यांत ‘शिक्षक’ बनलेल्या माणसानं चुकीच्या उत्तराला दरवेळी १५ व्होल्टनं वाढत जाणारा विजेचा झटका द्यायचा होता, ४५० व्होल्टपर्यंत. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. नंतरच्या एका प्रकारात त्या माणसाला स्वतः बटण दाबायचं नव्हतं. ते दुसरा कुणी दाबणार होता, याच्याकडे केवळ जोडीचं काम होतं. तेव्हा ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत सोबत राहिले. मधे फक्त एक हात आला, आणि नकार देणारे तीनच उरले.

तिसरा दुवा : परिणाम नजरेआड करणं

“यानं कुणाचं काय बिघडलं?” कॉपीच्या बाबतीत हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येतं आणि सर्वांत कमी तपासलं जातं. बिघडतं ते दोन जणांचं. एक, दुसऱ्या केंद्रावर प्रामाणिकपणे पेपर लिहिलेली मुलगी. अकरावीच्या गुणवत्ता यादीत ती दोन टक्क्यांनी मागे पडते, आणि आपली जागा कुणी घेतली हे तिला कधीच कळत नाही. दुसरा, कॉपी करून पास झालेला मुलगा स्वतः. अकरावीच्या गणितात पहिल्याच महिन्यात त्याच्या पायाखालची जमीन सरकते.

यांतलं कुणीही त्या दिवशी वर्गात रडताना दिसत नाही. नुकसान दूर, उशिरा आणि अनोळखी माणसाचं असेल, तर ‘नुकसानच नाही’ असं म्हणणं सोपं जातं. मिलग्रामच्या प्रयोगांतही हेच दिसलं. झटका खाणारा भिंतीपलीकडे असताना जेवढे लोक शेवटपर्यंत गेले, त्यापेक्षा बरेच कमी लोक तो त्याच खोलीत समोर बसलेला असताना गेले.

चौथा दुवा : ज्याचं नुकसान होतं त्यालाच छोटं करणं

एखाद्या पर्यवेक्षिकेनं चिठ्ठी पकडून मुलाची नोंद केली, तर पुढे काय होतं? “बाई फारच कायदा दाखवतात.” “स्वतःहून वाद ओढवून घेतला.” तिची गाडी पंक्चर झाली तरी दोष तिच्याकडेच जातो. पीडिताला दोष देणं ही एक युक्ती. त्याला माणूसपणातूनच वगळणं ही दुसरी आणि सर्वांत धोकादायक.

१९७५ मध्ये बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली. विद्यार्थ्यांना एका गटाच्या चुकांसाठी विजेच्या झटक्याची तीव्रता १ ते १० मधून निवडायची होती. हे झटकेही प्रत्यक्षात दिले जात नव्हते. निवड सुरू होण्याआधी त्यांच्या कानावर त्या गटाबद्दलचा एक शेरा ‘चुकून’ पडेल अशी व्यवस्था केली होती. काहींनी तो गट समंजस असल्याचं ऐकलं, काहींनी तो जनावरासारखा असल्याचं. दुसरा शेरा ऐकणाऱ्यांनी जास्त तीव्र झटके निवडले. शिक्षा गटानं मिळून ठरणार असली, तर ती आणखी कडक झाली. एक विशेषण आणि थोडी गर्दी, एवढंच त्याला पुरलं.

हे एकदम घडत नाही

पहिल्या वर्षी पर्यवेक्षक एका घाबरलेल्या मुलाला सूत्र आठवून देतात आणि रात्री त्यांना अस्वस्थ वाटतं. दुसऱ्या वर्षी ते चिठ्ठीकडे दुर्लक्ष करतात, अस्वस्थता कमी असते. पाचव्या वर्षी नव्या शिक्षकाला ‘इथली पद्धत’ तेच समजावून सांगतात. मिलग्रामच्या यंत्रावरही थेट ४५० चं बटण दाबायला कुणी सांगितलं नव्हतं, पायऱ्या पंधरा-पंधराच्या होत्या. प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा थोडीच वेगळी असते, त्यामुळे थांबायचं कुठे हे कळत नाही.

कारण आणि सबब यांत फरक कसा ओळखायचा?

प्रत्येक स्पष्टीकरण ही सबब नसते. वरिष्ठांचा दबाव खरा असू शकतो आणि नोकरी जाण्याची भीतीही. आणखी एक मर्यादा आहे. या विषयावरचं पुष्कळसं संशोधन प्रश्नावल्यांवर आधारलेलं आहे. अशा सबबी ज्यांना जास्त पटतात ते लोक जास्त चुकीचं वागतात, असा संबंध त्यातून दिसतो. पण सबब आधी आली आणि कृती नंतर, की केलेल्या कृतीसाठी सबब शोधली, हे दरवेळी सांगता येत नाही. दोन्ही घडतं.

तरी तीन खुणा उपयोगी पडतात. पहिली, शब्द. जे काम त्याच्या सरळ नावानं सांगता येत नाही, तिथे संशयाला जागा आहे. “मी कॉपी करू दिली” हे वाक्य मोठ्यानं म्हणून पाहावं. दुसरी, बाजू बदलणं. मागे पडलेली ती मुलगी आपली असती, तर ‘वर्ष वाया जायला नको’ हे कारण पटलं असतं का? तिसरी, क्रियापदाचा कर्ता. “झालं”, “चालतं”, “करावं लागतं” अशी वाक्यं वाढली आणि ‘मी’ दिसेनासा झाला, की जबाबदारी सरकू लागली आहे.

महाराष्ट्रात परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. भरारी पथकं असतात, काही केंद्रांवर बैठी पथकंही असतात. ती बाहेरचा पहारा देतात आणि त्याची गरज आहेच. पण आतला पहारेकरी झोपलेला असेल, तर पथकाची गाडी वळणाआड जाईपर्यंतच शांतता राहते. त्याला जागं करण्याचे उपाय लहान असतात : कोणत्या वर्गाला कोण जबाबदार हे नावानिशी लिहिलेलं असणं, कामाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणं, आणि नोंद करणाऱ्या त्या एका पर्यवेक्षिकेला दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत एकटं न पाडणं.