घरातला गणपती चौकात कसा आला? सार्वजनिक गणेशोत्सवाचा सामाजिक इतिहास

आज गावात गणपती म्हटलं की मंडप, वर्गणी, मिरवणूक आणि स्पीकर डोळ्यांसमोर येतो. पण दीडशे वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. गणपती घरात बसायचा आणि घरातूनच जायचा. हा बदल कधी, कुठे आणि का झाला, याची ही माहिती.

आधी काय होतं?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला कुंभाराकडून मातीची मूर्ती पाटावर घेऊन यायची, घरच्या कर्त्या पुरुषाने तिची प्राणप्रतिष्ठा करायची, मोदकाचा नैवेद्य दाखवायचा, ही मूळ पद्धत. मूर्ती दीड दिवस ठेवायची, पाच दिवस की गौरींबरोबर बोळवायची, हे त्या घराच्या रीतीवर ठरायचं. विसर्जन जवळच्या नदीत, ओढ्यात नाहीतर विहिरीत व्हायचं. शेजारच्या घरचा गणपती दुसऱ्याच दिवशी जात असे, त्यामुळे सगळ्या गावाची एक मिरवणूक निघण्याचं कारणच नव्हतं.

मोठा उत्सव फक्त दरबारात होई. पेशव्यांच्या काळात पुण्याच्या शनिवारवाड्यात गणपती थाटात बसायचा, पण त्याचा खर्च सरकारी खजिन्यातून चाले. १८१८ साली पेशवाई संपली आणि तो थाटही संपला. काही संस्थानांत मात्र दरबारी उत्सव चालू राहिला. ग्वाल्हेर हे त्यातलंच एक.

पुण्यात सुरुवात कशी झाली?

पुण्याचे कृष्णाजीपंत खासगीवाले ग्वाल्हेरला गेले होते. तिथला उत्सव त्यांनी पाहिला आणि परत आल्यावर मित्रमंडळींना सांगितला. त्यात भाऊ लक्ष्मण जावळे होते. ते वैद्यकी करत आणि शालू रंगवण्याचा त्यांचा व्यवसाय होता, म्हणून लोक त्यांना भाऊसाहेब रंगारी म्हणत. रंगारी, खासगीवाले आणि गणपतराव घोटवडेकर यांनी पुण्यात सार्वजनिक गणपती बसवले. रंगारींच्या मूर्तीत गणपती राक्षसाला मारताना दाखवला आहे. ती मूर्ती विसर्जित करत नाहीत, आजही तीच पुजली जाते.

लोकमान्य टिळकांनी सप्टेंबर १८९३ मध्ये 'केसरी'तून या प्रयत्नाचं कौतुक केलं. पुढच्या वर्षी, १८९४ ला, त्यांनी स्वतः विंचूरकर वाड्यात गणपती बसवला. मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतला उत्सव १८९३ चा.

म्हणून 'पहिला गणपती कुणाचा' हा वाद आजही रंगतो. कुणी १८९२ सांगतं, कुणी १८९३. सुरुवात एकट्या टिळकांनी केली नाही, एवढं नक्की. पण वृत्तपत्राच्या जोरावर ती कल्पना गावोगावी टिळकांनी पोचवली. सुरू करणं आणि पसरवणं ही दोन वेगळी कामं होती.

नेमकं काय बदललं?

पहिला बदल पैशाचा. घरात खर्च एका कुटुंबाचा असतो, इथे वर्गणी आली. वर्गणी आली की हिशेब आला आणि हिशेब ठेवायला मंडळ आलं.

दुसरा बदल विसर्जनाचा. सार्वजनिक गणपती दहा दिवस ठेवून अनंत चतुर्दशीला एकत्र मिरवणुकीने न्यायचं ठरलं. सगळे एकाच रस्त्याने निघाले की पुढे कोण, हा प्रश्न आलाच. त्यातून पुण्यातल्या मानाच्या गणपतींचा क्रम पडला. ग्रामदैवत म्हणून कसबा गणपती पहिला आणि तांबडी जोगेश्वरी दुसरा.

तिसरा बदल मेळ्यांचा. मेळा म्हणजे एकसारखा पोशाख घालून, ताल धरून पदं म्हणत फिरणाऱ्या पोरांचा गट. व्याख्यानाला न जाणारा माणूसही मेळा ऐकायला थांबायचा. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीच्या सरकारने धर्मात ढवळाढवळ न करण्याचं वचन दिलं होतं. त्यामुळे सभेपेक्षा उत्सवाला हात लावणं सरकारला अवघड होतं. पुढे मेळ्यांत स्वदेशी आणि स्वराज्याची पदं येऊ लागली, तशा पोलिसांच्या अटी कडक झाल्या. १९०८ साली टिळकांना शिक्षा होऊन ते मंडालेला गेले, त्यानंतरच्या काळात मेळे रोडावले.

जोडलं कुणाला, तोडलं कुणाला?

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली होती. त्याआधी पुण्यात हिंदू लोक मोहरमच्या ताबुतांत मोठ्या संख्येने सामील होत. सुरुवातीच्या काही मेळ्यांच्या पदांत 'ताबुतांना जाऊ नका' असा सूर होता, आणि १८९४ पासून हिंदूंचा सहभाग घटला. उत्सवाने वेगवेगळ्या जातींच्या हिंदूंना एका मांडवाखाली आणलं, पण जुनी एक सरमिसळ कमी केली, असं इतिहासात दिसतं. सगळीकडे मात्र तसं झालं नाही. सांगली जिल्ह्यात कडेगावच्या मोहरमच्या ताबुतांत हिंदू आजही सामील होतात आणि गोटखिंडी गावात गणपती मशिदीत बसतो.

मांडवाखाली आलेले सगळे तरी सारखे होते का? १९२० नंतर पुण्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या पुढाकाराने छत्रपती मेळे निघाले. उत्सव ब्राह्मण पुढाऱ्यांच्या हातात आहे, अशी त्यांची तक्रार होती आणि दोन्ही बाजूंच्या पदांतून ती भांडणं रस्त्यावर आली.

सगळ्यात थेट प्रश्न १९२६ ला मुंबईत दादरला उभा राहिला. तिथल्या सार्वजनिक गणपतीची पूजा अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही करता आली पाहिजे, अशी मागणी प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आदींनी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही त्यात होते. मुद्दा साधा होता. वर्गणी सगळ्यांची, नाव 'सार्वजनिक', मग पूजा काही जणांचीच का? तणाव झाला, तडजोडी झाल्या. त्याच वर्षी प्रबोधनकारांनी दादरला सर्वांसाठी सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला.

घरचा गणपती गेला का?

नाही. कोकणात आजही मुख्य गणपती घरचाच आणि त्यासाठी चाकरमानी मुंबईहून गावी येतात. घाटावर आणि मराठवाड्यात घरचा आणि मंडळाचा असे दोन्ही चालतात. गल्लोगल्ली मंडळं वाढून वर्गणीचा ताण आणि मिरवणुकीवरून भांडणं वाढली, तेव्हा अनेक गावांनी 'एक गाव एक गणपती' स्वीकारला.

आपल्या गावाचा इतिहास कसा शोधायचा?

शाळेच्या प्रकल्पासाठी मुलांनी मंडळाच्या बोर्डावरच्या 'स्थापना' सालावर थांबू नये. ते साल पुष्कळदा ऐकीव असतं. जुनी वर्गणीची वही, पावतीपुस्तक, मिरवणुकीचा फोटो आणि दोन-तीन वयस्कर माणसांची आठवण यांचा मेळ बसतो का, ते पाहावं. वहीत कुठल्या गल्लीची, कुठल्या वस्तीची नावं आहेत आणि कुणाची नाहीत, हेही बघावं. आरतीचा मान कुणाला होता, हे बायकांना आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांना वेगळं विचारावं. गावातला उत्सव कधी खरोखर सार्वजनिक झाला, याचं उत्तर बोर्डापेक्षा तिथे सापडण्याची शक्यता जास्त.