नामदेवांचा जन्मशक व ‘प्रभव’ संवत्सर

हिंगोली जिल्ह्यांतील डोंगरकडा, नरसी, औंढा या टापूंत जे संग्राहक जुनीं बाडें पाहावयास जातात, त्यांना नामदेवांच्या जन्माचा अभंग नवा नाहीं. नरसी हें नामदेवांचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. तेव्हां या अभंगाची जुनी प्रत या बाजूस निघण्याचा संभव विशेष आहे. ती निघाल्यास तींत कोणता शब्द आधीं पाहावा व तो कां पाहावा, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

सदर अभंगांत जन्मकाल दिला आहे तो असा: शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशी, रविवार, प्रभव संवत्सर. नामदेव शके ११९२ मध्यें जन्मले हें प्रमेय खरें असेल, तर त्या शकाच्या कार्तिकी एकादशीस रविवार आला पाहिजे व त्या वर्षाचें नांव प्रभव असलें पाहिजे. पहिली अपेक्षा बरोबर उतरते. गणितानें ता. २६ ऑक्टोबर १२७० हा दिवस येतो. त्या दिवशीं रविवार होता व सूर्योदयीं एकादशी चालू होती. दुसरी अपेक्षा मात्र साफ फसते. शकांत १२ मिळवून ६० नें भागलें असतां जी बाकी उरते ती संवत्सराचा अनुक्रम दाखविते. ११९२ व १२ मिळून १२०४, बाकी ४. चवथा संवत्सर प्रमोद. प्रभव हा पहिला.

एवढ्यावरून शके ११९२ टाकून द्यावा काय? तसें करण्याची घाई आम्हांस मान्य नाहीं. तो शक एकटा कसोटीस लागलेला नाहीं. शक गत धरला आहे, संवत्सर दक्षिणेच्या रीतीनें मोजला आहे, नकलकारानें मुळाबरहुकूम उतरून घेतलें आहे, आणि अभंग खुद्द नामदेवांचा आहे, इतक्या गोष्टी आपण मुकाट्यानें गृहीत धरल्या आहेत. यांपैकीं कोणतीही एक चुकली तरी अपेक्षा फसते. परंतु दोष कोणावर ढकलावा हें आपल्या सोयीनें ठरवितां येत नाहीं. ज्या गृहीतावर दोष ठेवावयाचा, त्यानें विसंगति खरोखर मिटते कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे.

प्रथम शकाची रीत घेऊं. ११९२ हा वर्तमान शक मानला, तर गत शक ११९१ होतो व त्याचा संवत्सर शुक्ल, म्हणजे तिसरा. प्रभव येत नाहीं. आतां उत्तरेची बार्हस्पत्य रीत पाहूं. तींत सुमारें ८५ वर्षांनीं एका संवत्सराचा क्षय होतो, त्यामुळें तिकडील नांव दक्षिणेच्या पुढें सरकत जातें. दक्षिणेंत शके ८२८ नंतर हा क्षय पाळला नाहीं. शके ११९२ पर्यंत उत्तरेचें नांव सुमारें चार घरें पुढें गेलेलें होतें. आपणांस तर तीन घरें मागें यावयाचें आहे. म्हणजे ही सबब पुढें केल्यानें चूक कमी न होतां वाढतेच.

राहतां राहिला नकलकार. त्याच्या हातून नांव चुकलें असेल, किंवा आंकडा. आंकडा चुकला असें धरल्यास प्रभव संवत्सर शके ११८९ मध्यें पडतो. तेव्हां त्या वर्षाचेंही गणित आम्ही करून पाहिलें. उत्तर आलें ता. ३० ऑक्टोबर १२६७, कार्तिक शुद्ध एकादशी, आणि वार रविवारच! प्रथम आमचा विश्वास बसेना. पण कारण साधें आहे. या दोन एकादशींमध्यें ३७ चांद्रमास जातात. त्यांचे दिवस सुमारें १०९२.६ होतात, व १५६ आठवड्यांचे दिवस बरोबर १०९२. सबब वार पुन्हां तोच पडतो. ‘वार जुळला, शक सिद्ध झाला’ असें म्हणून जे स्वस्थ बसतात, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. या दोन वर्षांमध्यें निवाडा करण्यास रविवार हा साक्षीदारच होऊं शकत नाहीं.

मग निवाडा कशानें करावा? आमच्या मतें लेखनाच्या शक्यतेनें. अभंगांत शक आंकड्यांनीं नसून शब्दांनीं सांगितला आहे. ‘ब्याण्णव’ तीन अक्षरी, ‘एकुणनव्वद’ सहा अक्षरी. एकाच्या जागीं दुसरा घालावयाचा तर चरणच नवा रचावा लागेल; तें नकलकाराच्या डोळ्याची चूक होऊन घडत नाहीं. याच्या उलट ‘प्रमोद’ व ‘प्रभव’ दोन्ही तीन अक्षरी, आरंभीं तेंच जोडाक्षर, आणि बालबोध लेखनांत म व भ यांचा घोंटाळा नित्याचा. शिवाय प्रभव हें साठांतील पहिलें नांव. संवत्सरावली ज्याला येत नाहीं त्यालाही तेवढें पाठ असतें. चूक येथें सहज खपते व अक्षरसंख्याही बिघडत नाहीं. म्हणून आम्ही दोष नांवावर ठेवतों व शके ११९२ कायम धरतों.

तथापि हा आमचा कल झाला, पुरावा नव्हे. एकमेकांवरून न उतरलेल्या जुन्या प्रतींपैकीं एकींतही ‘प्रमोद’ सांपडला, तर प्रश्न मिटला. पण अशा सर्व प्रती ‘प्रभव’ हेंच देऊं लागल्या, तर नकलकारावरील आरोप आम्हांस मागें घ्यावा लागेल. मग चूक मूळ रचनेंतच होती असें ठरेल, व स्वतःच्या जन्मवर्षाचें नांव न जाणणारा रचनाकार नामदेवच कीं मागाहूनचा कोणी, ही शंका उभी राहील. ही अट आम्ही आगाऊ लिहून ठेवीत आहों, कारण प्रत हातीं आल्यावर नवी सबब शोधण्याचा मोह कोणासही होतो.

असाच दुसरा प्रसंग भाषेचा आहे. नामदेव हे ज्ञानेश्वरांचे समकालीन, तर त्यांची भाषा शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीसारखी असावी. ती फारच अर्वाचीन दिसते. डॉ. रा. गो. भांडारकर यांनीं १९१३ च्या आपल्या ग्रंथांत यावरून नामदेवांना सुमारें शंभर वर्षें अलीकडे ओढलें. त्यांनीं प्रमेयच सोडलें. इतरांनीं दोष प्रतींवर ठेवला. अभंग मुखोमुखीं गायिले जात असल्यानें भाषा बदलत गेली, व एकनाथकालीन विष्णुदास नामा याची रचनाही त्यांत मिसळली, असें त्यांचें म्हणणें. हें म्हणणें नुसतें सोयीचें असतें तर आम्ही तें स्वीकारलें नसतें. पण त्यास अन्यत्र आधार आहे. महानुभावांचे ग्रंथ कीर्तनांत न गातां सांकेतिक लिपींत जपले गेले, व त्यांत त्याच काळचें जुनें वळण पुष्कळ टिकलें आहे. खुद्द ज्ञानेश्वरीचा प्रचलित पाठही शके १५०६ मध्यें एकनाथांनीं शुद्ध केलेला आहे. म्हणजे ज्या मापानें आपण मोजतों तेंही अगदीं मूळचें नाहीं.

येथेंही कसोटी बाडांचीच आहे. प्रती दूषित झाल्या हें खरें असेल, तर एकच अभंग जसजसा जुन्या बाडांत पाहावा, तसतशीं त्याचीं रूपें जुनीं होत गेलीं पाहिजेत. तसें न दिसल्यास भांडारकरांच्या मताकडे पुन्हां वळणें भाग आहे. डोंगरकड्याकडून नरसीकडे जातांना ज्यांच्या हातीं असें बाड येईल, त्यांनीं बाडाचा लेखनशक व लेखकाचें गांव आधीं टिपावें, आणि जन्माच्या अभंगांत ‘प्र’ पुढील दोन अक्षरें स्वतः न सुधारतां, जशीं दिसतील तशीं, शक्य तर छायाचित्रासह उतरून घ्यावीं.